तीस सेकंद, पाच मिनिटं आणि पाच चुका

मागच्या दिवाळीत मावशीकडे गेलो होतो. साताऱ्यापासून आत, डोंगराच्या कुशीतलं गाव. फोनला रेंज मिळते ती फक्त ओसरीवरच्या खिडकीत. वीजबिल भरायचा शेवटचा दिवस होता आणि मावशी एका ॲपमध्ये शिरायचा प्रयत्न करत होती. नंबर टाकला, ओटीपी येईना. अर्ध्या मिनिटानं पडद्यावर ‘पुन्हा पाठवा’ उमटलं, तिनं ते दाबलं. तरी काही येईना, म्हणून आणखी दोनदा दाबलं. मग रेंज आली आणि चार मेसेज एका दमात येऊन पडले, चारही वेगवेगळ्या आकड्यांचे. तिनं पहिला कोड कागदावर उतरवून घेतला आणि सावकाश टाकला. ‘चुकीचा ओटीपी’. दुसरा टाकला, तोही चुकीचा. तिसराही. मग पडद्यावर आलं, ‘आपले प्रयत्न संपले आहेत. २४ तासांनी पुन्हा प्रयत्न करा.’

“अरे, मेसेजमध्ये जे आलंय तेच तर टाकलं मी. माझं काय चुकलं, सांग बरं?” मावशीनं विचारलं.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. प्रत्येक वेळी ‘पुन्हा पाठवा’ दाबलं की आधीचा कोड रद्द होत होता, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. चालणारा कोड फक्त चौथा होता. तो टाकायची वेळ येण्याआधीच तिच्या चुका मोजून संपल्या होत्या.

लॉगिनच्या या दारामागची यंत्रणा बांधणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून तिचा प्रश्न मला लागला. त्या दाराला तीन आकडे बसवलेले असतात. कोड किती वेळ चालेल, तो किती वेळा पुन्हा मागता येईल, आणि किती वेळा चुकीचा टाकता येईल. बहुतेक ठिकाणी हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या माणसांनी, ‘असू दे पाच’ म्हणून ठरवलेले असतात. पण ते एकमेकांना बांधलेले आहेत. एक ओढला की दुसरा हलतो. आणि ते नीट नसले की एकीकडे मावशीसारखं माणूस दाराबाहेर राहतं, तर दुसरीकडे कंपनीचं एका रात्रीत लाखाचं नुकसान होतं.

आधी चुकांच्या मर्यादेकडे बघू, कारण बाकी दोन्ही तिच्यावर टेकलेल्या आहेत. सहा आकडी कोड म्हणजे दहा लाख शक्यता. माणसाला हा आकडा मोठा वाटतो, संगणकाला तो काहीच नाही. ओटीपी सुरक्षित असतो तो कोडच्या लांबीमुळे नव्हे, तर ‘इतक्या चुकांनंतर बास’ म्हणणाऱ्या मोजणीमुळे. मोजणी नसेल तर दहा लाख कोड एकामागून एक टाकून बघणारा प्रोग्रॅम कॉलेजातला मुलगाही लिहू शकतो.

हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बेंगळुरूच्या आनंद प्रकाश या सुरक्षा संशोधकानं फेसबुकला एक त्रुटी कळवली. पासवर्ड विसरला की फेसबुक सहा आकडी कोड पाठवायचं. मुख्य साइटवर दहा-बारा चुकीचे कोड टाकले की ती अडवायची. पण नव्या गोष्टींच्या चाचणीसाठी ठेवलेल्या beta.facebook.com या दुसऱ्या दारावर ही मोजणीच नव्हती. खाती तीच, कोड तोच, फक्त दार वेगळं. आनंदनं स्वतःच्याच खात्यावर कोड टाकत जाऊन ते उघडून दाखवलं. फेसबुकनं त्याला १५,००० डॉलरचं बक्षीस दिलं.

तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, लक्ष्मण मुथय्या या चेन्नईच्या संशोधकानं इन्स्टाग्रामवर याहून बारीक गोष्ट शोधली. तिथे मोजणी होती. कोड दहा मिनिटांत मरत होता. तरीही दार उघडण्याजोगं होतं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मोजणी खात्यावर बांधलेली नव्हती. ती विनंती ज्या इंटरनेट पत्त्यावरून, म्हणजे आयपीवरून, आली त्या पत्त्यावर बांधलेली होती. पत्ता बदलला की खातं तेच असलं तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. शिवाय एकाच क्षणी शेकडो विनंत्या आदळल्या तर मोजणीची धांदल उडून मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त कोड आत शिरत होते. लक्ष्मणनं १,००० आयपींवरून दोन लाख कोड पाठवून दाखवले. म्हणजे ५,००० आयपी घेतले की दहा लाखांची पूर्ण यादी दहा मिनिटांत तपासून होते. एवढे पत्ते भाड्यानं घ्यायचा खर्च त्यानं साधारण दीडशे डॉलर सांगितला होता. त्याला ३०,००० डॉलर मिळाले.

ती धांदल कशी उडते? देवळाच्या गाभाऱ्याशी उभा असलेला सेवेकरी डोळ्यांसमोर आणा. त्यानं पाच जणांनाच आत सोडायचं आहे. तो पाटीवर किती लिहिलंय ते वाचतो, माणसाला आत सोडतो आणि मग पाटीवर एक वाढवतो. माणसं एकेक करून आली तर हिशेब बरोबर. पण दहा सेवेकरी दहा दारांवर उभे असतील आणि पाटी एकच असेल, तर दहाही जण एकाच क्षणी ती वाचतात. सगळ्यांना ‘चार’ दिसतं आणि सगळे एकेक माणूस आत सोडतात. उपाय क्रम उलटा करण्यात आहे. आधी पाटीवर एक वाढवायचा, वाढवून आलेला आकडा पाच किंवा कमी असेल तरच आत सोडायचं. सर्व्हरमध्येही हेच. वाढवणं आणि वाचणं ही एकच न तुटणारी क्रिया असावी लागते, आणि कोड बरोबर आहे का हे त्यानंतर बघायचं.

या दोन्ही प्रकरणांतून मी माझ्या कामात एकच नियम उचलला. मोजणी ज्याचं दार आहे त्याच्या नावावर बांधायची. दार कुठलंही असो, विनंती कुठूनही येवो, कोड कितवाही असो, चूक त्या मोबाइल नंबरच्या खात्यावर लिहिली गेली पाहिजे.

‘कोड कितवाही असो’ हे शब्द मी मुद्दाम घातले, कारण सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक तिथेच आहे. बऱ्याच ठिकाणी मर्यादा असते ‘एका कोडला पाच चुका’. ऐकायला बरं वाटतं. पण ‘पुन्हा पाठवा’ दाबलं की नवा कोड तयार होतो आणि त्याच्याबरोबर नव्या पाच संधी. म्हणजे कुलपाला जितक्या वेळा ‘बदल’ म्हणाल तितक्या वेळा किल्ल्यांचा नवा जुडगा हातात.

हिशेब करून बघा. समजा कोड चार आकडी आहे, दर तीस सेकंदांनी नवा मागता येतो आणि प्रत्येकाला पाच चुका माफ आहेत. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणजे २,८८० कोड. प्रत्येक कोडला दहा हजारांत पाच संधी. दिवसभर हे चालू ठेवलं तर कधी ना कधी बरोबर आकडा लागण्याची शक्यता ७६ टक्के निघते. चारांतली तीन खाती एका दिवसात उघडतील. कोड सहा आकडी केला तर हीच शक्यता दीड टक्क्याच्या आत येते. ती एका खात्यासाठी लहान आहे, पण चोर एकाच खात्यावर बसत नाही. शंभर खाती घेतली तर एखाद-दुसरं उघडतंच. आणि या सगळ्या प्रयत्नांचा खर्च कोण करतं? एका खात्यामागे २,८८० मेसेज, भारतात एकाला १५ पैसे धरले तरी ४३२ रुपये. तो खर्च कंपनी करते. चोराच्या प्रत्येक नव्या संधीचं तिकीट कंपनी स्वतःच्या खिशातून काढून देते.

आता मर्यादा नंबरवर बांधा. एका नंबरला दिवसात एकूण दहा चुका, कोड कितीही बदलोत. सहा आकडी कोडवर एका खात्यामागची शक्यता एक लाखात एक उरते. चार आकडी असेल तर हजारात एक, म्हणून दहा हजार खात्यांवर हात मारणाऱ्याला दहा मिळून जातात. चार आकडी कोड मी पैशाच्या किंवा ओळखीच्या कामाला कधीच वापरू देत नाही, ते याच कारणानं. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही अशा कोडला किमान सहा आकडे आणि जास्तीत जास्त दहा मिनिटांची मुदत सांगितली आहे.

मुदतीबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो की ती जितकी कमी तितकं बरं. अंदाजानं कोड शोधणाऱ्याला चुकांची मर्यादा अडवते, मुदत नाही. दहाच संधी असतील तर त्या एका मिनिटात वापरल्या काय आणि दहा मिनिटांत काय. फोनवर गोड बोलून ‘ताई, आलेला नंबर सांगा’ म्हणणाऱ्यालाही मुदत अडवत नाही, त्याला वीस सेकंद पुरतात. मुदतीचा उपयोग एवढाच की न वापरलेला कोड संध्याकाळपर्यंत फोनच्या पडद्यावर जिवंत पडून राहू नये. त्यासाठी पाच मिनिटं पुरेशी आहेत.

उलट मुदत एक मिनिटावर आणली तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. एसएमएस ही वेळेची हमी देणारी सेवा नाही. तो आपल्याकडे दूरसंचार कंपनीच्या नोंदणी यंत्रणेतून तपासून जातो, रोमिंगमध्ये अडकतो, रेंज नसली की वाट बघत बसतो. ८ मार्च २०२१ रोजी ट्रायच्या नियमानुसार नोंदणी नसलेल्या मजकुराचे मेसेज अडवायला सुरुवात झाली, तेव्हा बँकांपासून सगळ्यांचे ओटीपी अडकले आणि दुसऱ्याच दिवशी ही तपासणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली. एवढं मोठं रोज घडत नाही, पण चाळीस-पन्नास सेकंदांचा उशीर रोजचा आहे. मुदत एक मिनिट असेल तर कोड येईपर्यंत मेलेला असतो, माणूस ‘पुन्हा पाठवा’ दाबतो, दुसऱ्या मेसेजचे पैसे पडतात, तोही उशिरा येतो. मुदत कमी केली आणि खर्च वाढला, असं घडतं ते यामुळे.

मावशीच्या खिडकीतला घोळ इथेच सुटतो. पहिला कोड अजून मुदतीत असेल तर ‘पुन्हा पाठवा’ दाबल्यावर तोच कोड पुन्हा पाठवावा. मग चार मेसेज एकदम आले तरी चारही सारखेच असतात आणि कुठलाही टाकला तरी चालतो. काही जण म्हणतात, यानं सुरक्षा कमी होते. चुकांची मोजणी नंबरवर असेल तर होत नाही. चोराच्या संधी दहाच राहतात. एकच अट पाळायची. कोड पुन्हा पाठवला म्हणून त्याची मुदत नव्यानं सुरू करायची नाही, नाहीतर तो दिवसभर जिवंत राहतो.

पुन्हा पाठवण्याच्या अंतरालाही चढण असावी. पहिल्यांदा तीस सेकंद, मग एक मिनिट, मग दोन, आणि तासाला एकूण चार मेसेज झाले की थांबायचं. खरा माणूस पहिल्या किंवा दुसऱ्या मेसेजवरच आत जातो. चौथाही पोचत नसेल तर पाचवा पोचण्याची आशा धरण्यापेक्षा फोन करून कोड सांगणं किंवा ईमेल हा रस्ता द्यावा.

मात्र हे तीस सेकंद कुठे मोजले जातात हे बघा. ॲपमध्ये बटण राखाडी होतं, उलटे आकडे पळतात आणि सगळ्यांना वाटतं मर्यादा बसली. ती फक्त पडद्यावर बसलेली असते. बटणामागे सर्व्हरकडे जाणारी एक साधी विनंती असते, आणि ती बटणाला हात न लावता थेट पाठवता येते. सर्व्हर स्वतः घड्याळ बघत नसेल तर सेकंदाला शंभर मेसेजही जातील. आपल्याकडे ‘एसएमएस बॉम्बर’ नावाचे जे प्रकार चालतात ते याच उघड्या दारांवर जगतात. एखाद्याचा नंबर टाकला की दुकानं, कर्ज देणारी ॲप्स, क्लासेस अशा कितीतरी ठिकाणांहून त्याच्या फोनवर ओटीपींचा पाऊस पडतो. काही जण गंमत म्हणून करतात, काही जण सूड म्हणून. आणि त्या पावसाआड खरा, बँकेचा इशारा देणारा मेसेज वाहून जातो. एका कंपनीनं आपली मर्यादा नीट बसवली तरी बाकी पन्नास उघडी असतील तर त्या माणसाची सुटका होत नाही. तरी निदान आपल्या दारातून त्याच्यावर दगड जाऊ नयेत, एवढं करणं आपल्या हातात आहे.

इथवर एका नंबरवरचा मारा झाला. बिल फुगवणारा प्रकार याच्या नेमका उलटा असतो. तिथे प्रत्येक नंबरवर एकच मेसेज जातो.

समजा पुण्यातलं एक दुकान मराठी पुस्तकं ऑनलाइन विकतं. दुबई, लंडन, न्यू जर्सी इथल्या मराठी घरांतूनही मागणी येते, म्हणून नंबर कुठल्याही देशाचा चालतो. दिवसाला २,००० ओटीपी जातात. दर १५ पैसे धरला तर दिवसाचे ३०० रुपये. परदेशात जाणारे रोजचे वीसेक, त्यांचा दर जास्त, पण संख्या इतकी कमी की बिलात जाणवत नाही. एका रात्री एक वाजता एका अशा देशाच्या नंबरांवर ओटीपी जाऊ लागतात, जिथून आजवर एक पुस्तक मागवलेलं नाही. मिनिटाला चाळीस, म्हणजे सेकंदाला एकही नाही. सर्व्हरला ताण नाही, कुठला इशारा वाजत नाही. प्रत्येक नंबर नवा, त्यामुळे नंबरवरची मर्यादा गप्प. दर मेसेजला दहा रुपये धरू. तासाला २४,००० रुपये. सकाळी सातला कुणी उठून बघेपर्यंत सहा तासांत १४,४०० मेसेज आणि १,४४,००० रुपये. नेहमीच्या ४८० दिवसांचं बिल एका झोपेत.

हे पैसे जातात कुठे? एसएमएस आपल्याकडून ठोक विक्रेत्याकडे, तिथून मधल्या दोन-तीन कंपन्यांकडे आणि शेवटी त्या देशातल्या दूरसंचार कंपनीकडे जातो. मेसेज फोनपर्यंत पोचवण्याचं शुल्क शेवटच्या कंपनीला मिळतं. या साखळीतला एखादा अप्रामाणिक दुवा आणि नंबरांचे गठ्ठे ताब्यात असलेली टोळी यांचं संगनमत असतं. टोळी त्या नंबरांवर जगभरच्या वेबसाइटांकडून ओटीपी मागवते आणि शुल्कात वाटा घेते. तिला कुणाचं खातं नको असतं. मेसेज जाणं हाच तिचा धंदा. डिसेंबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी सांगितलं होतं की अशा खोट्या मेसेजांपायी ट्विटरचे वर्षाला सहा कोटी डॉलर जात होते. पुढच्या मार्चपासून ट्विटरनं पैसे न भरणाऱ्या सदस्यांची एसएमएसवरच्या कोडची सोय बंद केली.

पुस्तकाच्या दुकानाला हे ओळखायला मोठी यंत्रणा लागत नाही. एक गुणोत्तर पुरतं. पाठवलेल्या कोडपैकी किती जणांनी कोड टाकून लॉगिन पूर्ण केलं? समजा या दुकानात रात्री तासाला ३० ओटीपी जातात आणि २५ जण आत येतात. माऱ्याच्या तासात २,४३० जातात आणि आत येतात तेच २५. शंभरात ८३ वरून शंभरात एक. एकूण आकडा बघत बसलात तर ‘आज गर्दी आहे’ असंही वाटू शकतं. हे गुणोत्तर देशानुसार वेगळं काढलं तर पहिल्या दहा मिनिटांतच कळतं, कारण त्या एका देशात ते शून्य असतं. नंबर यादीत लावून पाहिले तर शेवटचे आकडे ओळीनं वाढत गेलेले दिसतात. खरी गिऱ्हाइकं अशी घरक्रमांकानं येत नाहीत. हल्ली काही टोळ्या थोडे कोड टाकूनही दाखवतात, म्हणजे गुणोत्तर फार पडू नये. त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नये.

थोपवण्याचा पहिला उपाय फुकटचा आहे. जिथे गिऱ्हाईक नाही तो देश बंद. फक्त भारतात विकत असाल तर +91 आणि त्यापुढे ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होणारे दहा आकडे, एवढंच स्वीकारायचं. बाहेर विकत असाल तर देश एकेक करून उघडायचे. त्यानंतर देशागणिक दिवसाची मर्यादा. या दुकानाचे बाहेरचे मेसेज वीस आहेत, तर एकूण शंभरावर दार आपोआप अडलं पाहिजे. मग त्या रात्रीचं नुकसान १,४४,००० ऐवजी हजार रुपयांच्या आसपास थांबतं.

आणखी एक बारीक गोष्ट. बहुतेक छोट्या व्यवसायांचं एसएमएस खातं आधी पैसे भरून चालतं. शिल्लक वीस हजार असेल तर ती या माऱ्यात पन्नास मिनिटांत संपते आणि सकाळी नाशिकच्या, लातूरच्या गिऱ्हाइकालाही ओटीपी जात नाही. शिल्लक संपली की कार्डावरून आपोआप भरणा होईल अशी सोय लावलेली असेल, तर मारा थांबतच नाही. देशातल्या आणि परदेशातल्या मेसेजांसाठी पैशाचे कप्पे वेगळे ठेवावेत आणि परदेशी कप्प्याला आपोआप भरणा लावू नये.

आयपीवर मर्यादा लावण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. ती लावावी, पण सैल. मोबाइल इंटरनेटवर हजारो फोन एकाच आयपीमागे असू शकतात, आणि कॉलेजच्या वसतिगृहात तर नक्कीच. प्रवेशाच्या दिवशी ‘एका आयपीला तासात पाच’ असा नियम लावलात तर पहिल्या पाच मुलांनंतरच्या सगळ्यांना दार बंद. टोळीकडे मात्र घरगुती जोडण्यांचे हजारो पत्ते भाड्यानं उपलब्ध असतात. कडक नियमाचा फटका मुलांना बसतो, टोळीला नाही.

चुकांच्या मर्यादेचीही अशी एक उलटी बाजू आहे. नंबरला दिवसात दहा चुका म्हटलं की माझ्यावर राग असलेला कुणीही माझा नंबर टाकून दहा वेळा मुद्दाम चुकेल आणि मला माझ्याच खात्याबाहेर ठेवील. म्हणून ज्या फोनवरून मी आधी व्यवस्थित आत आलो आहे, त्या फोनचा चुकांचा कोटा वेगळा ठेवावा. अनोळखी फोनवरून झालेल्या चुकांनी ओळखीच्या फोनचं दार बंद होता कामा नये. आणि कुलूप लावायचंच तर एका तासाचं लावावं, पडद्यावर नेमकी वेळ लिहून. ‘२४ तासांनी’ हे उत्तर शेवटच्या दिवशी बिल भरायला बसलेल्या माणसाला देण्याजोगं नाही.

खर्चाचा विषय निघाला आहे तर मराठीपुरती एक गोष्ट सांगतो. इंग्रजी अक्षरांचा एसएमएस १६० अक्षरांपर्यंत एक मेसेज धरला जातो. एकही देवनागरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येकी वेगळं अक्षर मोजलं जातं. लांबलचक मराठी मजकूर दोन-तीन मेसेजांच्या भावानं जातो, म्हणून कंपन्या मराठी टाळतात. पण ‘तुमचा ओटीपी ४८२९१३. ५ मिनिटं चालेल. कोणालाही सांगू नका.’ हा मजकूर मोजला तर ५५ भरतो. कंपनीचं नाव घालायला १५ जागा उरतात. मराठीत ओटीपी पाठवणं महाग नाही, तो नीट लिहावा लागतो एवढंच.

या सगळ्यातून कायमची सुटका हवी असेल तर एसएमएसच सोडावा लागेल. फोनमध्येच दर तीस सेकंदांनी कोड तयार करणारी ॲप्स किंवा बोटाच्या ठशानं उघडणारी पासकी यांना मेसेजचा खर्च नाही, म्हणून फुगवायला बिलही नाही. पण साध्या फोनवर मेसेजच येतो. मावशीसारखी माणसं अजून बरीच वर्षं त्याच दारानं येणार आहेत.

तुमच्या हाताखाली असं एखादं दार असेल, दुकानाचं, पतसंस्थेचं, शाळेचं, तर आज एवढं करून बघा. स्वतःच्या नंबरवर ओटीपी मागवा, तीन वेळा मुद्दाम चुका, ‘पुन्हा पाठवा’ दाबा आणि पुन्हा तीनदा चुका, असं चार मेसेजपर्यंत करा. अकरावी चूक झाल्यावरही ते दार पुढची संधी देत असेल, तर तिथे चुका नंबरच्या नाहीत, कोडच्या मोजल्या जात आहेत. ते आजच दुरुस्त करून घ्या.